आतल्या चाकाची मोजणी

मांजरेच्या काठाला मोटार थांबली की अंबाजी लगेच खाली उतरत नसे. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून तो थोडा वेळ समोरच्या वाळूकडे बघत बसे. बघण्यासारखं तिथं काही नसे. औरादहून भालकीला जाणारी ही एकच मोटार, आणि नदीवर पूल नाही. पावसाळा सरला की पात्रातून वाट पडायची आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत तीच चालायची. या वाटेवर त्याला अकरा वर्षं झाली होती. आता ते बघणं म्हणजे कंबर उचलायच्या आधी घेतलेला दम होता, एवढंच.

"अंबाजीअण्णा, बारा वाजून गेले," मागून श्रीपतराव पटवारी म्हणाले. मोटारीत घड्याळ त्यांच्याकडेच होतं आणि ते असल्याचं ते कुणाला विसरू देत नसत.

"वाजू द्या. उतरा समदे. पायी चला."

वीस-बावीस माणसं खाली उतरली. शेवटी सोजराबाई उतरली. कमरेला फडक्यात बांधलेली दशम्यांची गाठ, हातात पोस्टकार्ड. कार्ड तिला वाचता येत नव्हतं, पण औरादपासून तिनं ते हातातून सोडलं नव्हतं. चढतानाच तिनं ते अंबाजीच्या पुढं धरलं होतं आणि श्रीपतरावांनी मोठ्यानं वाचलं होतं. तिचा मुलगा रामकिशन पलटणीत होता. दोन वर्षांत घरी आला नव्हता. पलटण आता दूर कुठंतरी लढाईवर निघाली होती. कुठं, ते लिहायची त्याला परवानगी नव्हती. मंगळवारी, म्हणजे आजच, दुपारी पावणेतीनला त्याची गाडी भालकीला येईल, इंजिन पाणी घेईल तोवर दहा मिनिटं थांबेल, जमलं तर ये, असं त्यात होतं.

"पोचवतो," अंबाजी म्हणाला होता. एकच शब्द. पण तो म्हटल्यापासून त्याला तो जड झाला होता.

क्लीनर भीमण्णा डाव्या बाजूला बसला, अंबाजी उजव्या. टोपण काढून त्यांनी व्हॉल्व्हची पिन दाबली आणि हवा सुटू लागली. गरम रबराचा, जुन्या पाण्याच्या डबक्यासारखा वास आला. मोटारीची चाकं सहा. पुढं दोन, मागं दोन्हीकडं जोडीनं दोन-दोन. साठ पौंडांची हवा तिसावर आणायची. हवा मोजायची कांडी लावून बघायचं, पुन्हा थोडी सोडायची, पुन्हा बघायचं. आतल्या चाकांना मात्र कांडी बसत नसे. बाहेरच्या चाकाच्या भोकातून हात घातला तर पंपाची नळी कशीबशी लागायची, पण कांडी सरळ टेकायची नाही. म्हणून आतल्यांचा हिशेब आकड्यांवर. बाहेरच्याला तिसावर यायला जेवढे आकडे मोजावे लागले तेवढेच आतल्याला मोजायचे.

टायर खाली खाली बसत गेले आणि त्यांचे तळ वाळूवर पसरले. अंबाजीचा बाप याच पात्रात मेंढरं चारायचा. पोराला त्यानं शिकवलं होतं, वाळूत टाच रोवायची नाही, पाऊल पसरून टाकायचं, मग वाळू धरते. मोटार चालवायला लागल्यावर अंबाजीला नवीन असं फार थोडं शिकावं लागलं. कडक टायर म्हणजे रोवलेली टाच. नरम टायर म्हणजे पसरलेलं पाऊल. फक्त तिसाच्या फार खाली जायचं नाही. गेलं तर टायर रिंगेवर सरकतो, आतली ट्यूब फिरते आणि व्हॉल्व्ह मुळातून उपटतो. आणि टायर गेला तर संपलं. लढाई सुरू झाल्यापासून नवा टायर कुणी पाहिला नव्हता. मोटारीला जास्तीचं चाकही उरलं नव्हतं. सहा चाकांवर मोटार उभी होती. त्यातलं एक गेलं की ही वाट बंद.

तो मोटारीत चढला. खालच्या गियरात, एका चालीनं, वाळूत घातली. मध्ये थांबायचं नाही, झटका द्यायचा नाही, वळायचं तर लांबून. मोटार म्हशीसारखी डुलत, कण्हत पुढं सरकत होती. मागून माणसं तिच्या चाकोरीतून चालत येत होती. घोट्याएवढ्या पाण्यातून ती पलीकडं चढली आणि करंजाच्या झाडाखाली थांबली, तेव्हा अंबाजीचा सदरा पाठीला चिकटला होता.

इथून पुढं भालकीपर्यंत चौदा मैल खडीची पक्की सडक. वाळूत जो नरमपणा तारतो तोच सडकेवर मारतो. नरम टायर प्रत्येक फेऱ्याला दबतो, उसळतो, दबतो, उसळतो, आणि त्या मळण्यानंच तापत जातो. आतला धागा तुटतो. बाहेरून काही दिसत नाही, आणि मग एका क्षणी सगळंच दिसतं. म्हणून करंजाखाली हवा भरायचीच. पंप एक, हातानं मारायचा. प्रत्येक चाकाला तीनशे दट्टे. सहा चाकांचे अठराशे. ते एकट्या भीमण्णाच्या छातीचं काम नव्हतं.

मोटार सुरू झाली तेव्हापासूनची या वाटेवरची रीत होती. प्रत्येक गड्यानं पाळीला पन्नास दट्टे मारायचे, चाकं भरेपर्यंत पाळ्या फिरायच्या. मग तो पटवारी असो की मेंढरं विकून आलेला धनगर. आणि मोजायचं बायांनी. ही रीत अंबाजीनंच घातली होती, कारण दट्टे मारणारा गडी तिसाच्या पुढं गेला की हमखास चाळीस म्हणतो.

आज मोजायला वच्छलाबाई बसली होती. भालकीच्या बाजारात शेंगदाणे विकायची. आवाज खणखणीत, तोंड त्याहून. राघोबा धनगर दट्टे मारत होता.

"सत्तावीस, अठ्ठावीस... राघोबा, खाली टेकव की दट्टा. मेंढरू कुरवाळायलास का?"

"तुमी मोजा मावशी. माझं मी बघतो."

"काय बघतोस? एकोणतीस. ह्यो अर्धाच हाय, पुन्ना एकोणतीस."

माणसं हसली. श्रीपतरावांची पाळी आली तेव्हा त्यांनी कोट काढून घडी घालून भीमण्णाच्या हातात दिला, जणू मुंजीला बसायचं होतं. पस्तिसाव्या दट्ट्याला त्यांचा चेहरा वांग्यासारखा झाला.

"पटवारीसाब, दप्तर न्हाई ते. दमानं," वच्छलाबाई म्हणाली.

सोजराबाई सावलीत बसली नव्हती. ती सडकेच्या कडेला उन्हात उभी होती आणि भालकीच्या दिशेला बघत होती. मध्येच येऊन विचारायची, "किती ऱ्हायले?" कुणीतरी सांगायचं. ती परत जाऊन तिथंच उभी राहायची.

"किती वाजले?" अंबाजीनं विचारलं.

"एकला दहा कमी," श्रीपतराव धापा टाकत म्हणाले.

अंबाजीनं मनात गणित केलं. उरलेल्या चाकांचं, चौदा मैलांचं. दीडला निघालो तरी सव्वादोनच्या सुमाराला पोचतो. पुरतं. ओढाताण नव्हती. पण हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. बोलायला नको वाटत होतं. सकाळी चारला उठल्यापासून त्याच्या कमरेत एक सळई घातल्यासारखी झाली होती आणि बोललं की ती हलायची.

शेवटचं चाक डावीकडचं मागचं आतलं. अंबाजी उजवीकडं कांडी लावून बघत होता. साठ, एकोणसाठ. पलीकडून वच्छलाबाईचा आवाज येत होता. "दोनशे चाळीस..." इतक्यात? असं त्याच्या मनात आलं. पण गडी ताज्या दमाचा असेल. थोड्या वेळानं तीनशे झाले. पंप गुंडाळला गेला. माणसं घाईनं चढली.

अंबाजी लाकडी दांडका घेऊन चाकं वाजवत फिरला. भरलेलं चाक टणक वाजतं, दांडका उसळून परत येतो. पुढची दोन्ही, उजवीकडची दोन्ही, डावीकडचं बाहेरचं. आतलं वाजवायचं तर गुडघे टेकून, आडवं होऊन दांडका घालावा लागायचा. उजवीकडच्यासाठी तो तसा झाला होता आणि उठताना त्याच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले होते. डावीकडं तो उभा राहिला. खाली बघितलं. तीनशे मोजलेत की, असं म्हणाला, आणि दांडका मोटारीत टाकला.

"एक वीस," श्रीपतरावांनी सांगितलं. अंबाजीला वाटलं होतं त्याहून लवकर झालं होतं. सोजराबाई पहिल्यांदाच बाकावर टेकून बसली.

पाच मैलांवर एक चिंच होती. तिथं थांबून चाकांवर हात फिरवायची अंबाजीची सवय होती. मोटार थांबली तशी मागून सोजराबाई ओरडली.

"आता कामून थांबलाव?"

"हात लावून बघतो अन् निघतो, अक्का."

"बघा की मग! गाडी माझ्यासाठी थांबायलीय का तिथं?"

तो उतरला. पुढचं चाक कोमट. दुसरं कोमट. चुलीवरून उतरून घटकाभर झालेल्या भाकरीएवढं. उजवीकडची तशीच. डावीकडचं बाहेरचं जास्त गरम लागलं. यावेळी मात्र तो गुडघ्यावर आला, आडवा झाला, आणि आतल्या चाकावर तळहात टेकला.

हात टेकवला आणि ओढून घेतला.

दांडका मागून घेऊन त्यानं वाजवलं. पोत्यावर मारल्यासारखा आवाज आला.

तो उठला नाही. तसाच धुळीत बसला. भीमण्णा वाकून बघत होता. "एनायतू, अण्णा?" त्यानं विचारलं. काय झालं, ते त्यालाही कळलं होतं. तरी विचारलं.

"मोजलं कुनी?" अंबाजीचा आवाज चढला नव्हता. चढवायला दम लागतो.

मग वच्छलाबाई खाली उतरली. पदर डोक्यावर घट्ट ओढून ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"मी मोजलं."

"किती?"

"एकशे वीस झाले होते. मग मी दोनशे वीस म्हनले."

अंबाजीनं मान वर केली नाही.

"ती बाई उनात उभी होती," वच्छलाबाई म्हणाली. "माझ्यानं बघवंना. राघोबाला कळलं, त्यो गप बसला. मारनाऱ्या समद्यांला कळलं. कुनीच बोललं न्हाई. वाटलं, एका चाकाचं काय एवढं. जोडीला दुसरं हाय की."

"जोडीचं त्याचं वझं उचलतंय, अन् ह्ये तापतंय. दोन्ही मरतेत असं."

"मला काय ठावं ते."

"मला ठावं होतं," अंबाजी म्हणाला. "मी वाजवलं न्हाई."

सोजराबाई पायरीवर येऊन उभी राहिली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती वच्छलाबाईकडं बघत होती. राग करावा की पाया पडावं, ते तिला ठरवता येत नव्हतं.

"शंभर दट्टे भरा की अजून," श्रीपतराव आतूनच घड्याळ हातात धरून म्हणाले. "तिथल्या तिथं. एक चाळीस झालेत."

अंबाजीनं नाही म्हणून मान हलवली. त्याला मोटार शिकवली ती हुमनाबादच्या मडिवाळप्पा उस्तादनं. नरम चाललेल्या, तापलेल्या चाकात उस्तादनं एकदा असंच तिथल्या तिथं दट्टे मारायला लावले होते. घाई होती. लग्नाचं वऱ्हाड होतं. टायरला धरून ठेवणारी लोखंडी रिंग जागेवरून उचलली गेली होती, ती कुणी पाहिली नाही. हवा भरली तशी ती सुटली. मडिवाळप्पा वाचला, पण उजवा हात मनगटातून गेला. नंतर अंबाजीला शिकवताना तो डाव्या हातानं आणि शिव्यांनी शिकवायचा. नरम चाललेलं चाक आधी उतरवायचं, गार होऊ द्यायचं, उघडून आत हात घालायचा, मग हवा. एवढं एकच शंभरदा.

"तुमच्या तोंडापुढं रिंग फुटली तर पटवारीपन कुनाला देऊ?" अंबाजी म्हणाला. श्रीपतराव एक पाऊल मागं सरकले.

"मग?" सोजराबाईनं विचारलं. "मग मी चालत जाऊ का?"

अंबाजी चाकाकडं बघत राहिला. थकलेल्या डोक्यात विचार सावकाश येतात, पण येतात. टायरला हवा किती हवी, ते वजनावर. वजन गेलं तर एकटं बाहेरचं चाकही त्या बाजूला पुरतं. सावकाश गेलं तर.

"चाक काढावं लागंल," तो म्हणाला. "आतलं इथंच ठिवायचं. बाहेरचं एकटं लावायचं. पन मोटार रिकामी पायजे. मानसं न्हाईत, पोती न्हाईत. मी भालकीला जाऊन परत येतो. तुमी समदे इथं बसायचं."

भर दुपार. झाड एकच. भालकीचा बाजार भरात आलेला. कुणी हं म्हणेना.

मग राघोबा आपली घोंगडी काखेत मारून उतरला. "मेंढरामागं जल्म गेला माझा. झाडाखाली बसायला मला कोन शिकवतंय," असं म्हणत त्यानं टपावर चढून हरभऱ्याचं पहिलं पोतं खाली ढकललं. वच्छलाबाईनं आपली शेंगदाण्याची पाटी स्वतःच उतरवली. बाजार बुडाला होता, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. श्रीपतराव शेवटी उतरले.

"मी घड्याळ देतो तुला," ते सोजराबाईला म्हणाले. मग जरा थांबून, "नको. तुला वाचता येत नाही." आणि खिशात ठेवलं.

जॅक लावला. खाली फळी, चाकांना दगड. नट तापलेले, हात भाजत होते. बाहेरचं चाक निघालं, मग आतलं. ते वच्छलाबाईनं सावलीत न्यायला सांगितलं आणि राघोबानं गडगडवत नेलं. बाहेरचं परत चढवलं, कांडीनं पाहिलं. एकोणसाठ. अंबाजी स्वतः रिंगेभोवती बोट फिरवत गेला. सगळीकडं बसलेली होती. दोन दहा झाले.

मोटारीत तिघंच. सोजराबाईला त्यानं उजव्या बाजूला बसवलं. भीमण्णालाही उजवीकडंच, वजन डावीकडं पडू नये म्हणून. बारा-पंधरा मैलांच्या चालीनं मोटार निघाली. बैलगाडी दिसली तर लांबूनच सावकाश वळसा घालायची. खड्डा आला तर थांबल्यासारखी व्हायची. सोजराबाईनं जोरात हाकायला एकदाही सांगितलं नाही. ती पुढच्या बाकाची दांडी दोन्ही हातांनी धरून बसली होती, जणू तीच मोटार ओढत होती.

"अण्णा," एकदा ती म्हणाली, "त्या बाईला बोलू नका."

"बोललो न्हाई."

"म्हनूनच म्हनते. तुमचं न बोलनं लई वाईट हाय."

अंबाजीला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, म्हणून गाल ओढल्यासारखे झाले.

त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. खरं मोजलं असतं तर दीडच्या आत निघालो असतो आणि आता भालकीत चहा पीत असतो. कुणाला उतरावं लागलं नसतं. दयेनं वाचवलेली चार-पाच मिनिटं चिंचेखाली व्याजासकट गेली होती. पण हे सांगून कुणाचं काय भलं होणार होतं.

भालकीच्या वेशीशी शिटी ऐकू आली. गाडी येतेय की जातेय, कळायला मार्ग नव्हता. स्टेशनसमोर मोटार थांबते न थांबते तोच सोजराबाई उतरली आणि पळाली. तिच्या वयाची बाई पळते तशी, एक हात गाठोड्यावर दाबून. भीमण्णा तिच्यामागं गेला.

अंबाजी गेला नाही. तो डावीकडच्या चाकापाशी उकिडवा बसला आणि हात ठेवला. गरम होतं, पण हात टिकत होता. तो तसाच ठेवून तो बसला. आतून घंटा वाजली, लोखंड खडखडलं, पाण्याच्या नळाचा आवाज आला आणि थांबला. मग पुन्हा शिटी. मग गाडीचा आवाज लांब होत गेला.

सोजराबाई बऱ्याच उशिरानं बाहेर आली. कमरेचं फडकं सुटलेलं होतं, दशम्या नव्हत्या. ती येऊन मोटारीच्या पायरीवर बसली.

"भेटला?"

"व्हय." फडकं परत बांधत ती म्हणाली, "गाडी हललीच होती जरा. पन पुन्ना थांबली. पानी घ्यायचं उरलं होतं म्हनं कायतरी. खिडकीतून हात धरला त्यानं. वाळलाय. म्हनला, आई कशी आलीस? म्हनलं, मोटारीनं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "दुसरं काय बोलावं ते सुचलंच न्हाई. घरून येताना किती ठरवलं होतं."

अंबाजीनं मान डोलावली.

"तुमी बसा इथं स्टेशनात," तो म्हणाला. "मी त्यांला आनतो. औरादची मोटार आता उद्या सकाळीच."

"इथं बसून काय करू? येते मी." ती चढून आपल्या जागेवर जाऊन बसली. "मोजायला कुनीतरी पायजेच की तुमाला."

चिंचेखाली पोचले तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. निम्मे शेंगदाणे संपले होते आणि श्रीपतराव घोंगडीवर झोपले होते. वच्छलाबाई उठून उभी राहिली. सोजराबाईनं लांबूनच हो म्हणून मान डोलावली, आणि वच्छलाबाई परत खाली बसली.

चाक गार झालं होतं. अंबाजीनं व्हॉल्व्हची पिनच काढून टाकली, उरलीसुरली हवा जाऊ दिली, आवाज पूर्ण थांबल्यावरच रिंगेला पहार लावली. टायर उघडला. आत हात घालून फिरवला. हात काळा होऊन बाहेर आला. चिमूटभर काळी भुकटी. टायर आतल्या आत झिजल्याची. दोन ठिकाणी बोटाला सुरकुती लागली, पण धागा तुटलेला नव्हता. त्यानं पुन्हा एकदा चाचपलं, मग तिसऱ्यांदा.

"मेला?" वच्छलाबाईनं विचारलं.

"न्हाई. म्हातारा झालाय." त्यानं जुन्या टायरचा एक पातळ तुकडा आतून सुरकुत्यांवर बसवला, ट्यूब घातली, रिंग ठोकून बसवली आणि सगळ्याला साखळीचे वेढे घातले. "थोडी हवा भरून आधी रिंग बघायची. मग बाकीची. समोर कुनी उभं ऱ्हायचं न्हाई. बाजूनं मारायचं."

"किती दट्टे?" राघोबानं विचारलं.

"आज रिकाम्यापासून हाय. सहाशे."

कुणीतरी कण्हलं. वच्छलाबाई पंपाजवळ आली, पण सोजराबाई आधीच तिथं मांडी घालून बसली होती. पुढ्यात तिनं खडे गोळा करून ठेवले होते.

"मला शंभराच्या पुढं येत न्हाई," ती म्हणाली. "मी इसानं मोजते. वीस झाले की एक खडा. खडा काय मधला गाळत न्हाई."

वच्छलाबाईनं मान खाली घातली. मग तीही हसली, जरासं. आणि शेजारी बसली.

राघोबानं सुरुवात केली. पाच खडे झाल्यावर अंबाजीनं थांबवलं, रिंगेभोवती बोट फिरवलं, हो म्हणाला. मग राघोबा, भीमण्णा, बाकीचे. श्रीपतरावांनी यावेळी कोटाची घडी घातली नाही. नुसता पोत्यावर टाकला. सोजराबाई घाई न करता मोजत होती. कुणाचा दट्टा अर्धा पडला की ती बोट तसंच वर धरून ठेवायची, पूर्ण पडेपर्यंत. खड्यांची रांग वाढत गेली. तिसावा खडा पडला.

चाक मोटारीबाहेर होतं, म्हणून आज त्याला कांडी सरळ बसत होती. अंबाजीनं लावली. उजेडाकडं धरून वाचली.

"अठ्ठावन्न."

"कमी हाय?"

"दोन कमी."

"त्याला किती लागतेत?"

अंबाजीनं खड्यांच्या रांगेकडं बघितलं. सहाशेत अठ्ठावन्न, म्हणजे एका पौंडाला दहा.

"एक इसा," तो म्हणाला.

सोजराबाईनं शेजारी चाचपून आणखी एक खडा उचलला आणि मुठीत धरला. अंबाजीनं भीमण्णाच्या हातातून पंप घेतला, कमरेतली सळई सावरली, आणि खाली वाकला.

"एक," ती म्हणाली.